सुटकेचा कागद कोण देतो?

स्पर्धा परीक्षेला समाजशास्त्र घेणाऱ्या मुलांचे सराव पेपर मी बरीच वर्षं तपासतो आहे. 'गुलामगिरी, इस्टेट, जात आणि वर्ग या स्तरीकरणाच्या पद्धतींची तुलना करा' असा प्रश्न दिला, की दहातल्या आठ उत्तरपत्रिकांत पट्टीने आखलेला तोच तक्ता येतो. गुलामगिरीपुढे 'बंदिस्त', इस्टेटपुढे, म्हणजे जुन्या युरोपातल्या कायद्याने ठरलेल्या दर्जाच्या थरांपुढे, 'अंशतः बंदिस्त', जातीपुढे 'पूर्ण बंदिस्त' आणि वर्गापुढे 'खुली'. खाली दोन ओळींचा निष्कर्ष, की समाज बंदिस्ततेकडून खुलेपणाकडे सरकतो आहे. मी अशा उत्तराला पास करतो, पण त्याला चांगलं उत्तर म्हणवत नाही. गुलामगिरी बंदिस्त आणि जातही बंदिस्त, तर मग दोन्हींत फरक काय? तक्ता नेमका तिथेच गप्प बसतो.

त्याऐवजी चारही पद्धतींना एक साधा प्रश्न विचारावा, असं मी मुलांना सांगतो. या व्यवस्थेतून सुटायचं असेल, तर सुटकेचा कागद कोण देऊ शकतो? त्याला जोडून दुसरा प्रश्न, सुटताना कोण हलतं, एकटा माणूस की त्याची सगळी जमात? या दोन प्रश्नांनी चार पद्धती खरोखर वेगळ्या होतात. आणि कायद्याने गुलामगिरी संपवता आली तरी जात तशी का संपली नाही, हेही उलगडायला लागतं.

गुलामापासून सुरुवात करू. गुलाम म्हणजे कायद्याने दुसऱ्याची मालमत्ता झालेला माणूस. मालमत्ता असल्यामुळेच मालक त्याला विकू शकतो, गहाण टाकू शकतो आणि मोकळाही करू शकतो. प्राचीन रोममध्ये नागरिकाने रीतसर मुक्त केलेला गुलाम स्वतः नागरिक होई, आणि मुक्तीनंतर जन्मलेली त्याची मुलं स्वतंत्र म्हणूनच जन्मत. आपल्या दख्खनचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. इथिओपियात जन्मलेला, लहानपणी विकला गेलेला, हातोहात फिरत अहमदनगरला आलेला मलिक अंबर. त्याला विकत घेणारा निजामशाहीचा मंत्री चंगीझखान स्वतःही एके काळी गुलामच होता. मालक वारल्यावर अंबर मोकळा झाला, पुढे निजामशाहीचा कारभार त्याच्या हाती आला, आणि १६२६ मध्ये मरेपर्यंत तो मुघलांशी झुंजत राहिला. ज्याला बाजारात किंमत लावून विकलं, त्याच्याच हाती राज्य गेलं. या गुलामगिरीला दार होतं आणि त्याची किल्ली मालकाच्या कमरेला होती.

पण ते दार कायद्याने एकेक करून बुजवताही येतं. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया वसाहतीचं उदाहरण त्यासाठी फार बोलकं आहे. एलिझाबेथ की ही आफ्रिकन आईची आणि इंग्रज बापाची मुलगी. इंग्लंडच्या रिवाजाप्रमाणे मुलाचा दर्जा बापावरून ठरतो आणि आपला बाप्तिस्माही झाला आहे, या मुद्द्यांवर तिने १६५६ मध्ये स्वातंत्र्य मिळवलं. त्यानंतर वसाहतीने काय केलं ते पाहा. १६६२ मध्ये कायदा आला, की मुलाचा दर्जा आईवरून ठरेल. म्हणजे गोऱ्या मालकापासून गुलाम बाईला झालेलं मूल गुलामच. १६६७ मध्ये ठरलं, की बाप्तिस्म्याने गुलामगिरी सुटत नाही. १६९१ मध्ये ठरलं, की मालकाने गुलामाला मुक्त केलंच, तर स्वखर्चाने त्याला वसाहतीबाहेर पाठवावं. बापाचं दार बंद, धर्माचं दार बंद, आणि मालकाचं दार उघडं ठेवलं तरी बाहेर उभं राहायला जागा नाही. पस्तीस वर्षांत गुलामगिरी रक्ताला चिकटवली गेली. म्हणजे 'गुलामगिरीत गतिशीलता नसते' हे सरसकट वाक्य चुकीचं आहे. कुठली गुलामगिरी, कोणत्या शतकातली, हे आधी सांगावं लागतं.

तरी अमेरिकेतली ही गुलामगिरीसुद्धा अखेर कागदावर उभी होती. कागदावर उभं असलेलं कागदाने पाडता येतं. १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने एक माणूस दुसऱ्याची मालमत्ता असणं बंद झालं. त्यासाठी लाखो माणसं मेलेलं यादवी युद्ध व्हावं लागलं, हे विसरून चालणार नाही. आणि पुढच्या शंभर वर्षांत काळ्यांच्या वाट्याला जे आलं, त्याला नुसती वर्गव्यवस्था म्हणणंही कठीण आहे. पण मालकीहक्क म्हणून जी गोष्ट होती, ती त्या दिवशी संपली.

इस्टेटवर फार वेळ घालवायची गरज नाही, मात्र एक गैरसमज काढायला हवा. मुलं ती जातीची युरोपीय आवृत्ती समजतात. फ्रान्समध्ये पहिली इस्टेट धर्मगुरूंची, दुसरी सरदारांची आणि तिसरी उरलेल्या सगळ्यांची. आता पहिल्या इस्टेटकडे नीट बघा. कॅथलिक धर्मगुरूला लग्न करता येत नाही, म्हणजे ती जन्माने पुढे चालूच शकत नाही. दर पिढीला बाहेरून माणसं घ्यावी लागतात. भटजीचा मुलगा भटजी होतो तसं तिथे होणं शक्य नव्हतं. एवढ्या एका गोष्टीने इस्टेट आणि जात यांच्यातली तुलना अडखळते. सरदारकीचं दारही राजाच्या हाती होतं. श्रीमंत व्यापारी काही सरकारी पदं पैसे मोजून विकत घेई आणि त्या पदाबरोबर सरदारकी घरात येई. जुन्या सरदारांना ते खुपत होतं, म्हणूनच १७८१ मध्ये फ्रेंच लष्कराने नियम केला, की थेट अधिकारी व्हायचं तर चार पिढ्यांची सरदारकी सिद्ध करा. एका दाराने आत आलेल्याला दुसऱ्या दाराशी अडवायचं, हाच त्याचा अर्थ. तरी हे सगळं सनदा, विशेषाधिकार आणि करमाफीचं प्रकरण होतं. ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री राष्ट्रीय सभेत सरंजामी हक्कांवर पाणी सोडलं गेलं आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये वंशपरंपरागत सरदारकीच रद्द झाली. कायद्याने दिलेलं कायद्याने काढून घेतलं.

मग जात. इथे सुटकेचा कागद कोण देणार? राजा? आपल्याकडे राजांनी जातींचे तंटे सोडवले, प्रायश्चित्तं मान्य केली, वाळीत टाकलेल्यांना परत घ्यायला लावलं. पण एखाद्या माणसाला 'आजपासून तुझी ही जात नाही, ती जात' असं सांगितलं, तर त्याच्या पंगतीला कोण बसणार आणि मुलगी कोण देणार? ती गोष्ट राजाच्या हातात नव्हतीच. मालक म्हणावा, तर जातीला मालक नाही. पेशवाईत कुणबिणी आणि बटकी म्हणजे गुलाम बायका विकल्या-घेतल्या जात, पण घरात पाणी भरायला ठेवायच्या बाईची जात आधी विचारली जाई. मालकीण बदलली तरी जात तीच. विकली जाणारी बाईसुद्धा जातीच्या बाहेर नव्हती, आणि एकाच बाईवर दोन पद्धती एकाच वेळी चालत होत्या. तक्त्यातले रकाने असे एकमेकांत शिरतात, आणि उत्तरात तेच दाखवायला हवं.

जातीला मालक नाही तर ती टिकते कशाने? याचं सर्वांत धारदार उत्तर पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या एका परिसंवादात दिलं. जात म्हणजे दारं लावून घेतलेला वर्ग, आणि दाराची कडी म्हणजे जातीतल्या जातीत लग्न. त्यांनी हिशोब मांडला तो असा. गटाबाहेर लग्न करायचं नसेल, तर गटात लग्नाच्या वयाचे स्त्री-पुरुष सारखे हवेत. नवरा मेला की बाई 'जास्तीची' होते. ती जातीबाहेर लग्न करील किंवा जातीतल्या एखाद्या मुलीचा वर तिच्याकडे जाईल. म्हणून एक तर तिला चितेवर घाला किंवा जन्मभर सोवळी ठेवा. बायको मेली की पुरुष 'जास्तीचा' होतो, पण त्याला जाळणं समाजाला परवडत नाही, म्हणून त्याच्यासाठी अजून वयात न आलेली मुलगी शोधा. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या तीन प्रथा या एका हिशोबात बसतात. जात बाईच्या देहावर पहारा ठेवून टिकते, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत एका ओळीत उरकलं जातं. माझ्या मते तुलनेचा कणा तिथेच आहे. गुलामगिरीत बाईचं शरीर मालकाला खुलं केलं जातं, कारण तिचं मूल ही मालकाची कमाई. जातीत तेच शरीर कडीकुलपात ठेवलं जातं, कारण तिचं मूल ही जातीची हद्द. आणि खालच्या मानलेल्या जातीच्या बाईवर वरच्या जातीचा पुरुष हात टाकतो, तेव्हा जात ते खपवून घेते, कारण त्या मुलाला कोणी आपल्यात घेणार नसतं.

नात्यांचंही असंच. गुलामाची नाती तोडली जातात. आईपासून मूल वेगळं विकता येतं, आणि त्याला बाप, गाव, कूळ उरत नाही. जातीत माणसाला नात्यांनीच बांधून घातलेलं असतं. आडनाव, देवक, सोयरीक, भावकी यांतून तो कुठेही गेला तरी ओळखला जातो. गुलाम पळून दूर गेला, तर निदान स्वतःचं नाव बदलून नव्याने जगू शकतो. जातीतून पळून जायचं म्हणजे स्वतःच्या आईबापांपासून, मावशा-आत्यांपासून पळायचं.

आता एक उदाहरण सविस्तर घेऊ, कारण चारही पद्धती त्यात गुंफलेल्या आहेत आणि ते आपल्या मातीतलं आहे. महार वतन.

गावगाड्यात महाराकडे कामं कोणती? वेशीवर पहारा, पाटलाचा निरोप पोचवणं, सरकारी पाहुण्याबरोबर पुढच्या गावापर्यंत जाणं, वसुलाची रक्कम ठाण्यावर नेताना सोबत करणं, शिवेच्या भांडणात हद्द कुठली ते सांगणं, मर्तिकाची खबर देणं आणि मेलेलं जनावर ओढून नेणं. ही कामं महारवाड्यातली घरं पाळीपाळीने करत. तिला येसकरपाळी म्हणत. मोबदला म्हणून थोडी इनाम जमीन, सुगीला खळ्यावरचं बलुतं, सणावाराला मागायची भाकर, आणि मेलेल्या जनावराचं मांस व कातडं. या सगळ्याला शब्द होता 'हक्क'. 'बावन्न हक्क' ही संज्ञा तिथलीच.

हे इस्टेटसारखं दिसतं ना? वंशपरंपरेचं पद, त्याला जोडलेली जमीन, कर्तव्य आणि अधिकार, आणि इंग्रजी अमलात तर १८७४ चा वतन कायदासुद्धा. पाटीलही वतनदार, कुलकर्णीही वतनदार, महारही वतनदार. फक्त इस्टेटच्या चौकटीतून पाहणारा इथेच फसेल. पाटलाच्या वतनात मान होता, महाराच्या वतनात राबणं. दिवसरात्र केव्हाही चावडीवरून हाक यायची. पाळीचा माणूस घरी नसेल, तर त्याच्या घरातल्या दुसऱ्या कोणी तरी जायचं, मग तो बाप असो की पोर. एका वतनापायी सगळं घर बांधलेलं. हे वेठीच्या फार जवळचं होतं. तरी गुलामगिरी म्हणता येणार नाही, कारण महाराला कोणी विकू शकत नव्हतं आणि पोसायची जबाबदारीही कोणाची नव्हती. आंबेडकरांनी गुलाम आणि अस्पृश्य यांची तुलना करताना नेमका हा मुद्दा धरला होता. गुलाम आजारी पडला तर मालकाचं नुकसान होतं, म्हणून तो त्याला निदान खाऊ घालतो. अस्पृश्य मेला तर कोणाचंच काही जात नाही.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपल्या पुस्तकाला 'गुलामगिरी' नाव दिलं आणि निग्रोंना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना ते अर्पण केलं, तेव्हा तेराव्या घटनादुरुस्तीला आठच वर्षं झाली होती. काही अभ्यासक म्हणतात, की जातीला गुलामगिरी म्हणणं शास्त्रीय नाही. शब्दाला शब्द लावला तर नाहीच. पण फुल्यांना काय दिसलं होतं ते पाहा. जगाच्या दुसऱ्या टोकाला हजारो वर्षं चालत आलेली म्हणून मानलेली गोष्ट माणसांनी प्रयत्न करून मोडली होती. जात ईश्वराने केली असं सांगणाऱ्यांपुढे 'ही माणसाने माणसावर लादलेली सत्ता आहे' असं म्हणायला त्यांना तोच शब्द हवा होता. तुलना नेहमी सारखेपणा दाखवायला केली जात नाही. कधी कधी 'हेही मोडता येतं' एवढंच दाखवायला करावी लागते. उत्तरात फुल्यांचा उल्लेख करायचा, तर तो या मुद्द्यासाठी करावा, शोभेसाठी करू नये.

आंबेडकरांनी पुढचं पाऊल टाकलं. मुंबई कायदेमंडळात १९२८ मध्ये त्यांनी वतन कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक आणलं. वतनाच्या जमिनीवर पूर्ण सारा भरून ती रयतवारी करून घ्यायची मुभा द्या, आणि गावकीच्या चाकरीतून मोकळं करा. मागणी किती थेट होती ते लक्षात घ्या. 'आम्ही सरकारला पुरा सारा देऊ, पण आम्हाला वतनदार राहू देऊ नका.' म्हणजे इस्टेट सोडून वर्गात यायची मागणी, कर भरणारा साधा शेतकरी व्हायची. विधेयक मंजूर झालं नाही. महार समाजातही तेव्हा मतभेद होते. भाकर आणि बलुतं गेलं तर खायचं काय, हा भुकेचा प्रश्न होता आणि तो खोटा नव्हता. व्यवस्था माणसाला नुसत्या भीतीने धरून ठेवत नाही. अर्ध्या भाकरीनेही धरून ठेवते.

अखेर १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतनं गेली. जमिनी सरकारजमा झाल्या आणि ठरावीक रक्कम भरल्यावर मूळ वतनदारांना परत द्यायची तरतूद झाली, पण नव्या अटीची जमीन म्हणून, जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून विकता न येणारी. आजही सातबाऱ्यावर 'महार वतन' हे शब्द दिसतात. म्हणजे वतन नावाचा कागद कागदाने मिटला. ४ ऑगस्टच्या रात्री फ्रान्समध्ये झालं, त्याच प्रकारची ही गोष्ट. पण वतनाखाली जी जात होती, तिच्यासाठी असा कागद कुठे आहे? संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता १९५० मध्ये बेकायदा ठरवली. जात ठरवली नाही, आणि ठरवता आलीही नसती. कायदा 'विहिरीवर अडवू नका' म्हणू शकतो. 'मुलगी द्या' म्हणू शकत नाही.

मुलांना मी जात पडताळणीच्या फायलीचं उदाहरण देतो, कारण अनेकांच्या घरात ती असते. पिवळी पडलेली आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याची नक्कल, चुलत्याचा जन्मनोंदीचा उतारा, हाताने काढलेली वंशावळ. गुलामाचा मुक्तिपत्राचा कागद पुढे पाहत होता, उद्यापासून तू मोकळा म्हणून. फ्रेंच व्यापाऱ्याची सरदारकीची सनदही पुढेच पाहत होती. जातीचा दाखला मागे पाहतो. तुझा आजा कोण होता? हा दाखला अन्यायाची भरपाई मिळावी म्हणून आहे आणि तो लागणारच. पण राज्य जात सिद्ध करू शकतं, सोडवू शकत नाही, हे त्या फायलीइतकं स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंनी धर्म सोडून सुटकेचा कागद स्वतःच लिहिला. तरी १९९० मध्ये बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती कायद्याने द्याव्या लागल्या, कारण धर्म बदलणाऱ्याने जात सोडली तरी शेजाऱ्याने ती सोडली नव्हती.

वर्गाबद्दल शेवटी थोडंच. वर्गाला कायद्याची भिंत नाही. मार्क्सच्या लेखी तो उत्पादनसाधनांशी असलेल्या नात्यावरून ठरतो, वेबरच्या लेखी बाजारात मिळणाऱ्या संधींवरून. दाराला कुलूप नाही, पण उंबरठ्याची किंमत आहे. शिवाय इथे एकटा माणूस हलतो, त्याची जात मागेच राहते. जातीत उलट. तिथे हलायचं तर सगळ्या जातीने मिळून हलायचं, पिढ्या लावून, वरच्यांच्या चालीरीती उचलून. त्याला समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी संस्कृतीकरण म्हटलं. म्हणूनच अधिकारी झालेला दलित मुलगा वर्गात वर जातो आणि भाड्याचं घर शोधताना त्याला पुन्हा आडनाव विचारलं जातं. दोन व्यवस्था, एकच माणूस.

आणि जातीचा एखादा तुकडा सुटतो कधी? ज्याला 'हक्क' म्हटलं, तो नाकारला तर. मार्च १९२७ च्या महाडच्या परिषदेत चवदार तळ्याइतकाच महत्त्वाचा एक निर्धार होता, मेलेली जनावरं ओढायची नाहीत. गावोगाव त्याची शिक्षा झाली, बलुतं बंद झालं, बहिष्कार पडले. जवळपास नव्वद वर्षांनी, जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उना तालुक्यात मेलेल्या गाईचं कातडं सोलणाऱ्या दलित तरुणांना बांधून मारलं गेलं. त्यानंतर सुरेंद्रनगरमध्ये दलितांनी मेलेली जनावरं गाड्यांत भरून आणली आणि जिल्हाधिकारी कचेरीसमोर टाकली. ती कोणी उचलायची, हे कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नव्हतं. तरी त्या दिवशी कचेरीतल्या प्रत्येकाला उत्तर माहीत होतं.